यान हुसचे अनुयायी चौदा वर्षं हरले का नाहीत? (आणि मग एका दिवसात कसे हरले?)

मृद्गंध

1415 साली कॉन्स्टन्सच्या धर्मसभेनं प्रागच्या यान हुसला पाखंडी ठरवून जाळलं. ल्यूथरच्या शंभर वर्षं आधीचा सुधारक म्हणून त्याचा एका ओळीत उल्लेख येतो आणि विषय संपतो. मला अडलंय ते पुढचं. हुस प्रवचनकार होता, विद्यापीठात शिकवायचा, त्यानं कधी तलवार धरली नाही. तरी त्याच्या नावानं 1419 ते 1434 बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, युद्ध चालतं, पोप त्यांच्यावर एकामागून एक धर्मयुद्धाच्या मोहिमा जाहीर करतो आणि चिलखती सरदारांच्या फौजा शेतकऱ्यांसमोर माघार घेतात. मग 1434 मध्ये लिपानीला एकाच दिवसात सगळं आटोपतं.

प्रश्न दोन. एक, एका माणसाच्या मृत्यूवरून एवढं युद्ध का पेटलं? दोन, ते गाड्या लावून लढायचे म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचे? "गाड्यांची तटबंदी" एवढं सगळीकडे वाचलंय, त्यानं डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही.

फटकळ

सोपं आहे. पोपनं फसवून बोलावलं, अभयपत्र दिलं, आला तसा पकडून जाळला. लोक चिडले. हुसनं लोकांना द्राक्षारसाचा प्याला दिला होता, तो चर्चला नको होता. गाड्यांचं म्हणाल तर ते त्या काळचे रणगाडे. घोडे जुंपलेले, आतून बंदुका चालवत शत्रूवर धावून जायचे.

जुनापाना

फटकळ, तीन वाक्यांत तीन गोष्टी अर्ध्या बरोबर आहेत, म्हणून एकेक घेतो.

अभयपत्र पोपचं नव्हतं. ते सिगिस्मुंडचं होतं, म्हणजे जर्मन राजाचं, ज्यानं ती सभा भरवण्यासाठी सगळ्यात जास्त खटपट केली. हुस 3 नोव्हेंबर 1414 ला कॉन्स्टन्सला पोचला तेव्हा ते पत्र त्याच्या हातातही नव्हतं, मागाहून आलं. 28 नोव्हेंबरला कार्डिनलांनी त्याला अटक केली, तेव्हा सिगिस्मुंड गावात आलेलाच नव्हता. तो आला नाताळात. आल्यावर चिडला, सभा सोडून जाण्याची धमकी दिली, आणि मग गप्प बसला. कारण हुसला सोडलं तर सभा मोडेल असं त्याला सांगण्यात आलं, आणि त्याला सभा हवी होती. तीन-तीन पोप एकाच वेळी गादीवर हक्क सांगत होते, तो घोळ मिटवायला तर सगळे जमले होते.

आता गंमत बघा. त्या तिघांपैकी जॉन तेवीसावा सभेतून पळून गेला, त्याला 29 मे 1415 ला पदच्युत केलं. ग्रेगरी बारावा 4 जुलैला पायउतार झाला. तिसरा होता बेनेडिक्ट तेरावा, त्याला सभा मोजतच नव्हती. हुसला जाळलं 6 जुलैला. म्हणजे ज्या दिवशी पोपच्या अधिकाराविरुद्ध बोलल्याबद्दल त्याला जाळलं, त्या दिवशी सभेला मान्य असा पोपच शिल्लक नव्हता.

प्याल्याचं वसईवाला नीट सांगतील, त्यांचा तो प्रांत आहे. पण एवढं लक्षात ठेवा, प्याला हुसनं सुरू केला नाही. तो कॉन्स्टन्सला गेल्यानंतर प्रागमध्ये त्याचा सहकारी याकोउबेक यानं सुरू केला. हुसनं तुरुंगातून पत्र लिहून त्याला संमती दिली, इतकंच.

रणगाड्यांचं सावकाश लिहितो. तो प्रतिसाद मोठा होणार.

वसईवाला

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस दोन्ही अर्पण होतात. त्या काळी धर्मगुरू दोन्ही घ्यायचे आणि लोकांना फक्त भाकर मिळायची. चर्चची भूमिका अशी की ख्रिस्त दोन्हींत पूर्णच आहे, तेव्हा फक्त भाकर घेतली तरी काही कमी पडत नाही. शिवाय गर्दीत प्याला सांडण्याची भीती, ते व्यवहारातलं कारण. याकोउबेकचं म्हणणं, शुभवर्तमानात "तुम्ही सर्व यातून प्या" असं आहे, मग लोकांना का नाही? सभेनं 15 जून 1415 ला ही पद्धत निषिद्ध ठरवली, म्हणजे हुसला जाळायच्या तीन आठवडे आधी.

बोहेमियातल्या साध्या माणसाला यात काय दिसलं असेल ते समजायला अवघड नाही. धर्मगुरू आणि आपण यांत रेघ ओढली जाते ती वेदीपाशी, आणि त्या रेघेचं दिसणारं चिन्ह म्हणजे तो प्याला. म्हणून त्यांच्या निशाणावर तलवार किंवा सिंह नसून चषक होता. आता कॅथलिक चर्चमध्येही काही प्रसंगी लोकांना प्याला देतात, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर. त्या वेळी त्याच्यासाठी माणसं मेली.

मृद्गंध

हे छान उलगडलं. पण हुसला जाळलं ते मग नक्की कशासाठी? प्याला नाही, तर काय?

जुनापाना

शेवटच्या यादीत 30 कलमं होती, बरीचशी त्याच्या "चर्चविषयी" या लॅटिन ग्रंथातून उचललेली. गाभा असा: चर्च म्हणजे ईश्वरानं निवडलेल्यांचा समुदाय, त्याचा मस्तक ख्रिस्त. महापापात असलेला पोप किंवा बिशप ईश्वरासमोर खऱ्या अर्थानं त्या पदावर नाही.

8 जूनच्या सुनावणीत यावरूनच एक प्रसंग घडला. हुसचा साथीदार पेत्र तिथं हजर होता, त्यानं लिहून ठेवलाय. सिगिस्मुंड खिडकीशी उभा राहून दोन सरदारांशी बोलत होता. हुस म्हणाला, महापापात असलेला राजाही ईश्वरासमोर योग्य राजा नव्हे. लगेच राजाला खिडकीतून बोलावून घेतलं आणि हुसला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. पोपबद्दल बोललास ते कमी होतं का, आता राजांनाही खाली खेचतोस, असा सूर लागला. राजाच्या सहानुभूतीचं जे काही उरलं होतं ते तिथं संपलं असावं.

सुटायचा रस्ता एकच ठेवला होता, सगळी कलमं सोडून देतो असं शपथेवर म्हणायचं. हुसची अडचण तांत्रिक होती आणि खरी होती. यादीतली कित्येक मतं त्याची नव्हतीच. जे मी कधी म्हटलं नाही ते सोडतो म्हणालो तर ती खोटी शपथ होईल, आणि जे म्हटलंय ते शास्त्रातून चूक दाखवा, लगेच सोडतो. सभेला वाद घालायचा नव्हता, शरणागती हवी होती.

शिक्षेचा तपशील एकदाच सांगतो. कॅथीड्रलमध्ये त्याची धर्मगुरूची वस्त्रं एकेक करून उतरवली, डोक्यावर तीन सैतान काढलेली कागदी टोपी घातली, त्यावर "पाखंड्यांचा म्होरक्या" अशा अर्थाचा लॅटिन शब्द. गावाबाहेर खांबाला बांधलं, गळ्यात काजळी धरलेली साखळी. आधी तोंड पूर्वेकडे होतं. पाखंड्यानं पूर्वेकडे बघू नये म्हणून फिरवून पश्चिमेकडे केलं. हनुवटीपर्यंत गवत-लाकडं रचली. नंतर राख ऱ्हाईन नदीत टाकली, मागं काही उरू नये म्हणून.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. नुसत्या जाळण्यानं युद्ध झालं नाही. 1415 च्या सप्टेंबरात बोहेमिया-मोराव्हियाच्या 452 सरदारांनी आपले शिक्के लावून निषेधाचं पत्र पाठवलं, तरी पुढची चार वर्षं युद्ध नव्हतं. 30 जुलै 1419 ला प्रागच्या नव्या शहराच्या नगरभवनातून हुसवाद्यांनी नगरपालांना खिडकीतून खाली फेकलं. ते ऐकून राजा वेन्सेस्लास चौथा कोसळला आणि 16 ऑगस्टला मेला. त्याला मूल नव्हतं. गादीचा वारस कोण? सावत्र भाऊ, सिगिस्मुंड. ज्याच्या अभयपत्राचा कागद झाला, तोच आता राजा म्हणून दारात उभा. बोहेमियन लोकांना हुस आणि मुकुट हे दोन प्रश्न वेगळे ठेवताच आले नाहीत. 1420 च्या मार्चमध्ये व्रोत्सवाफला पोपचं धर्मयुद्धाचं फर्मान वाचलं गेलं, तेव्हा सिगिस्मुंड तिथंच होता.

लाकूडकाम

मधेच घुसतोय. मला या गाड्यांचं मॉडेल करायचंय, 1:35 च्या मापात, सहा-आठ गाडे. नेटवर दिसणाऱ्या चित्रांत गाड्या रांगेत सरळ उभ्या दिसतात, काहींत गोल. कुठं फळ्या बाहेरून, कुठं आतून. एका गाड्यात किती माणसं, आणि घोडे कुठं दाखवू? तोफा कुठल्या? रंग कोणता लावू हेही सांगा.

जुनापाना

रंगाचं मला विचारू नका, बाकीचं सांगतो. मृद्गंध यांचा दुसरा प्रश्नही यातच येतो.

मुळात हे शेतकऱ्याचे मालवाहू गाडे, चार चाकी, चार घोड्यांचे. लढाईसाठी त्यांत तीन बदल केले. बाहेरच्या बाजूला जाड फळ्यांची भिंत, तिला नेम धरायला भोकं. चाकांच्या मधली पोकळी झाकायला खालून टांगलेली लांब फळी, नाहीतर शत्रू गाड्याखालून सरपटत येतो. आणि प्रत्येक गाड्याबरोबर एक साखळी. फळ्या बाहेरच्याच बाजूला हव्यात, कारण आतली बाजू उघडी पाहिजे, तिथून माणसं चढतात-उतरतात.

माणसं सुमारे 20. नियमपत्रांतली वाटणी अशी: हाकणारे 2, बंदूकवाले 2, क्रॉसबोवाले 6, सोटेवाले 4, भाला-फरशीवाले 4, मोठ्या उभ्या ढाली धरणारे 2. सोटा म्हणजे मळणीचं साधन, लांब दांड्याला साखळीनं जोडलेलं आखूड दांडकं, त्यावर लोखंडी खिळे. शेतात वर्षानुवर्षं हाच हात चाललेला, वेगळं शिकवायला लागत नाही. गाड्यात कुऱ्हाडी, फावडी, कुदळी आणि दगडांची पेटीही असे.

जोडणी सरळ रेषेत नाही. गाडे जरा तिरके लावतात, एकाचं मागचं चाक दुसऱ्याच्या पुढच्या चाकाला भिडतं, आणि चाकाला चाक साखळीनं बांधतात. म्हणजे एक गाडा ओढून काढायचा तर दोन्ही शेजारी हलवावे लागतात. उरलेल्या फटीत ढालवाले. घोडे सोडून गाड्यांच्या या कोटाच्या आत नेतात, पण जवळच ठेवतात, निघायची वेळ आली तर जुंपायला. वेळ मिळाला तर बाहेरून खंदक खणून माती चाकांवर ओढायची. दोन रुंद वाटा ठेवायच्या, सहसा समोरासमोरच्या बाजूंना, आणि त्या साखळी-खांबांनी बंद करायच्या. मॉडेलमध्ये आठ गाड्यांचा पूर्ण कोट दाखवू नका, खोटा दिसेल. एक कोपरा आणि एक वाट दाखवा.

तोफांत दोन महत्त्वाच्या. तारासनित्से, लांब नळीची, लाकडी ठाण्यावर ठेवलेली. आणि होउफनित्से, आखूड रुंद तोंडाची, दोन चाकांवर, दगडी गोळे मारणारी. "होउफ" म्हणजे जमाव, जमावावर मारायची म्हणून होउफनित्से. इंग्रजीतला हॉवित्झर शब्द त्यावरूनच आलाय. कारगिलची बोफोर्स हॉवित्झर जातीचीच, म्हणजे हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांतही येऊन गेलाय. हातबंदुकीला कधी खाली आकडा असे, तो फळीच्या कडेला अडकवला की धक्का खांद्याला न बसता गाड्याला बसतो. मॉडेलमध्ये हा आकडा जरूर दाखवा.

आता लढाई कशी व्हायची. कोट चढावर किंवा पाण्याच्या आडोशाला बांधायचा. आतून तोफा डागून समोरच्या घोडदळाला डिवचायचं. सरदार उभ्या उभ्या मार खात थांबणार नाही, तो चाल करणार. चाल चढावर, चिलखतासकट, आणि घोडा फळीच्या भिंतीवर उडी घेत नाही, तो वळतो. वळला की कूस समोर येते. बंदुका आणि क्रॉसबो तेव्हाच. सोटेवाले गाड्यावरून खाली हाणतात, फरशीच्या आकड्यानं स्वाराला खाली ओढतात. चाल मोडली, घोडे थकले, की मागच्या वाटेतून ताजं घोडदळ आणि पायदळ बाहेर पडून बगलेवर तुटून पडतं. सगळी मेख या शेवटच्या पायरीत आहे. लवकर उघडलं तर बुडाले.

फटकळ

म्हणजे चालवत नव्हते असं म्हणायचंय? मग कुत्ना होराला काय झालं? तिथं गाडे हाकत, बंदुका मारत फळी फोडून बाहेर पडले, हे मी नीट वाचलंय.

जुनापाना

कुत्ना होरा बरोबर, आणि चांगलं काढलंत. पण तो अपवाद आहे, आणि तो का करावा लागला ते बघा.

डिसेंबर 1421. कुत्ना होरा चांदीच्या खाणींचं श्रीमंत शहर, खाणवाले बहुतेक जर्मन आणि हुसवाद्यांच्या विरोधात. सेनापती यान झिश्का. एक डोळा आधीच गेलेला, दुसरा त्याच उन्हाळ्यात राबी किल्ल्याच्या वेढ्यात गेला, म्हणजे पूर्ण आंधळा. 21 तारखेला त्यानं शहराबाहेर पश्चिमेला कोट बांधला आणि सिगिस्मुंडच्या फौजेचे हल्ले दिवसभर परतवले. संध्याकाळी शहरातल्या लोकांनी मागचे दरवाजे राजाला उघडून दिले. आता समोर शत्रू, पाठीशी शत्रू, रसद तुटलेली. कोटात बसून राहणं म्हणजे उपाशी मरणं.

रात्री त्यानं घोडे जुंपून गाड्यांच्या रांगा केल्या. शत्रूच्या तळाच्या एका बाजूला सरकायचं, थांबून तोफा डागायच्या, गोंधळ उडाला की पुन्हा पुढं. असं करत फळी फोडून तो बाहेर पडला आणि कोलीनकडे निघून गेला. दोन आठवड्यांत नवी माणसं जमवून परत आला. सिगिस्मुंडची फौज हिवाळ्यात गावोगाव पांगली होती. 6 जानेवारीला नेबोविदीवर हल्ला होताच राजा पळत सुटला, 8 ला हाब्रीपाशी आणखी मार खाल्ला, आणि नेमेत्स्की ब्रोडपाशी साझावा नदीच्या बर्फावरून पळताना बर्फ फुटून बरेच स्वार बुडाले.

तर गाडे हाकत लढले हे खरं, पण अंधारात, आणि दुसरा पर्याय नव्हता म्हणून. उजेडात चालता गाडा म्हणजे उघडं सावज, एक घोडा मेला की सगळी रांग अडते. रणगाड्याची उपमा तेवढ्यासाठी खटकते.

मृद्गंध

सुदोमेर्झची लढाई पण याच गाड्यांची ना? बायकांनी ओढण्या-रुमाल चिखलात पसरले, त्यात सरदारांच्या टाचेच्या आऱ्या अडकल्या, असं कुठंतरी वाचलं.

जुनापाना

हो, 25 मार्च 1420. झिश्का पिल्सेनहून ताबोरकडे, म्हणजे कडव्या हुसवाद्यांच्या गावाकडे, चालला होता, सुमारे 400 माणसं, त्यात बायका-मुलं, आणि 12 गाडे. समोर साधारण 2000 स्वार. त्यानं गाडे तळ्याच्या बांधावर लावले. एका बाजूला भरलेलं तळं, दुसऱ्या बाजूला पाणी सोडून रिकामं केलेलं, म्हणजे ओला गाळ. घोड्यांना तिथून येता येईना, सरदार पायउतार होऊन गाळातून चालत आले. ओढण्यांची गोष्ट सुंदर आहे, पण चिलखत घालून तळ्याच्या गाळात उतरल्यावर ओढणीची गरज उरत नाही.

त्या 12 गाड्यांनी 2000 स्वार बुडवले असं नाही, अंधार पडेपर्यंत टिकाव धरला एवढंच. पण जागेची निवड गाड्यांइतकीच महत्त्वाची हे झिश्काला पहिल्यापासून माहीत होतं. 1424 ला मालेशोव्हला त्यानं दगडांनी भरलेले गाडे उतारावरून शत्रूच्या रांगांत सोडून दिले, तेही चढाच्याच जोरावर.

पेशवाईप्रेमी

गाड्या साखळीनं बांधून तोफा लावणं म्हणजे थेट पानिपत! गारदी, गोल, आणि मग विंचूरकर आणि गायकवाडांनी गोल फोडून बाहेर चाल केली, तिथंच घात झाला. म्हणजे भाऊसाहेबांना हे तंत्र ठाऊक होतं असं म्हणायला हरकत नाही.

जुनापाना

हरकत आहे. 1761 चा गोल पायदळ आणि तोफांचा, तो फ्रेंच कवायतीच्या वळणाचा, गाड्यांच्या कोटाचा नव्हे. फळी अवेळी मोडली तर काय होतं एवढं साम्य दिसतं, पण ते कुठल्याही फळीला लागू आहे.

खरा धागा आहे तो पहिल्या पानिपताशी, 1526. बाबरानं सुमारे 700 गाडे कातडी दोरांनी बांधून, मधून वाटा ठेवून तोफा-बंदुका लावल्या, आणि ही "रूमी" म्हणजे तुर्की पद्धत असं स्वतःच लिहून ठेवलं. तुर्कांनी ती 1440 च्या दशकात हंगेरीच्या हुन्यादीकडून पाहिली, आणि हुन्यादीच्या फौजेत बोहेमियन भाडोत्री आणि त्यांचे गाडे होते. तुर्की भाषेत या कोटाला "ताबूर" म्हणत. हा शब्द ताबोर गावावरून आला की आधीपासूनच हंगेरियनमध्ये होता, यावर भाषावाले अजून भांडतात.

पेशवाईप्रेमी

ठीक, पानिपत बरोबर, शतक चुकलं. 😀

वसईवाला

जुनापाना, लिपानी राहिलं. आणि एक सुधारणा सुचवतो. तुमच्या लिहिण्यातून शेवट कॅथलिकांनी केला असं वाटेल. लिपानीला दोन्ही बाजूंना चषकाचे लोक होते.

जुनापाना

बरोबर, आणि तिथंच सगळी कळ आहे.

झिश्का ऑक्टोबर 1424 मध्ये गेला. त्याचे लोक स्वतःला "अनाथ" म्हणवू लागले, ताबोरवाल्यांचं नेतृत्व प्रोकोप होलीकडे आलं. 1431 च्या ऑगस्टमध्ये दोमाझलित्सेला शेवटची मोठी मोहीम लढाई न देताच पळाली, कार्डिनल चेझारिनीची टोपीसुद्धा मागं राहिली. त्यानंतर बाझलच्या नव्या धर्मसभेनं हुसवाद्यांना बोलणीसाठी बोलावलं. प्रागच्या मवाळ गटाला, सरदारांना आणि श्रीमंत नागरिकांना तडजोड दिसू लागली, प्याला मिळाला की बस. ताबोर आणि अनाथ यांना आणखी बरंच हवं होतं. त्यांचं सैन्य कायमचं उभं होतं, ते पोसायचं तर लूट लागते, आणि बोहेमिया स्वतःच ओरबाडला गेला होता. मवाळ आणि कॅथलिक सरदार एकत्र आले. त्यांचा सेनापती दिविश बोर्झेक, झिश्काच्या हाताखाली लढलेला. म्हणजे कोट कसा चालतो आणि कुठं फुटतो हे त्याला आतून माहीत होतं.

30 मे 1434, कोलीनजवळ. ताबोर-अनाथांनी लिपानीजवळच्या टेकडीवर कोट लावला, जागा उत्तम. गाडे सुमारे 480 सांगतात. एका गाड्याला 20 माणसं धरली तर 9,600 होतात, आणि त्यांचं पायदळ साधारण दहा हजार असल्याचं सांगतात, म्हणजे हिशेब जुळतो. समोरची फौज थोडी मोठी आणि तिच्याकडेही गाडे.

बोर्झेकनं चढावर चाल केलीच नाही. त्याचे गाडे रांगेत जवळ आले, दोन्हीकडून तोफा सुटल्या, धुराचा पडदा झाला, आणि त्याची रांग वळून मागं जाऊ लागली. कोटातल्यांना वाटलं, पळाले. चौदा वर्षं असंच होत आलं होतं. वाटा उघडल्या आणि पायदळ टेकडी उतरून पाठलागाला धावलं. रांग थांबली, गाड्यांतून जवळून बंदुका सुटल्या. त्याच वेळी बाजूच्या खोलगट जागेत लपवलेलं घोडदळ बाहेर पडलं. ते पाठलाग करणाऱ्यांवर गेलं आणि उघड्या वाटांतून कोटातही शिरलं. आत चिलखती स्वार घुसल्यावर गाडे म्हणजे भिंत राहत नाहीत, पिंजरा होतात. प्रोकोप होली गाड्यांपाशीच मारला गेला, अनाथांचा प्रोकूपेकही. पकडलेल्यांपैकी शेकडोंना कोठारांत कोंडून जाळलं. हुसला जाळल्याचा सूड म्हणून उभं राहिलेलं सैन्य असं संपलं, तेही चषक मानणाऱ्यांच्या हातून.

लाकूडकाम

पण पळताहेत की नाटक आहे हे ओळखायला काहीच मार्ग नव्हता?

जुनापाना

माझं मत सांगतो. खऱ्या पळापळीत गाडे मागं राहतात, कारण घोडे सोडून स्वार होऊन पळणं जास्त सोपं. दोमाझलित्सेला असंच झालं, गाडे-तोफा सगळं टाकून गेले. लिपानीला गाडे रांगेत राहून माघारी चालले होते. झिश्काला हे दिसलं असतं, म्हणजे कुणी सांगितलं असतं, कारण त्याला दिसत नव्हतं. त्याच्या 1423 च्या नियमपत्रात रांग सोडणाऱ्याला सरदार असो की शेतकरी, शिक्षा सांगितलीय, जिवे मारण्यापर्यंत. दहा वर्षांनी ते कितपत पाळलं जात होतं हा प्रश्न आहे.

फटकळ

आणि ताबोर-अनाथांच्या घोडदळाचा म्होरक्या चापेक? तो घोडदळ घेऊन पळाला नसता तर वाटा पुन्हा बंद करता आल्या असत्या. सरळ फितुरी.

जुनापाना

यान चापेक घोडदळासह कोलीनला निघून गेला हे नक्की. फितूर होता की हरलेलं बघून जीव वाचवला, यावर चेक इतिहासकारांत एकमत नाही. माझा कल दुसरीकडे. सुमारे 700 स्वार कोटाबाहेर अडकले, आत शत्रू शिरलेला, तिथं परत जाऊन काय केलं असतं?

फटकळ

असहमत. निदान प्रयत्न तरी.

वसईवाला

मृद्गंध, पुढचं थोडक्यात. जुलै 1436 ला यिह्लावाला करार झाला, बोहेमियात मागेल त्याला प्याला मिळू लागला, आणि सिगिस्मुंडला राजा म्हणून मान्य केलं. तो पुढच्याच वर्षी मेला. 1457 च्या सुमाराला युद्ध नको म्हणणाऱ्या हुसवाद्यांची "बंधुमंडळी" निघाली, तिचाच वारसा पुढं मोरावियन चर्चकडे गेला. लडाखला जाणाऱ्या कुणी लेहचं मोरावियन चर्च पाहिलं असेल, 1885 सालापासूनचं मिशन. तेवढा हुस भारतात आहे.

मृद्गंध

हे अजिबात माहीत नव्हतं. सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. सोटा आणि साखळी आता डोळ्यांसमोर आली.

लाकूडकाम

मी कोपरा आणि एक वाट करतोय. वाट उघडी दाखवू की बंद?

जुनापाना

सुदोमेर्झ करत असाल तर बंद. लिपानी करत असाल तर उघडी, आणि त्या खोलगट जागेसाठी पाटावर हातभर जास्त जागा सोडा.